आत्याकडे मागायचं नसतं

लोसेने राजीनामा दिला तेव्हा लाँड्रीतल्या बायकांना आधी ती चेष्टाच वाटली. एकोणीस वर्षं हॉटेलांच्या आणि वृद्धाश्रमांच्या चादरी धुणारी ही बाई. ताप असला तरी गोळी घेऊन इस्त्रीच्या रोलरपाशी उभी राहायची आणि सुट्टी घे म्हटलं की "घेईन नंतर" म्हणायची. ती अशी एकाएकी जाईल हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पण तिचा बाप सेमिसी याचा मधुमेहापायी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने कायद्याप्रमाणे चार आठवडे आधी कागद दिला आणि मार्चअखेरच्या शुक्रवारी शेवटची पाळी संपवून ती मालकिणीच्या खोलीत गेली.

मालकीण म्हणजे अलिसी, सेमिसीची थोरली बहीण, लोसेची सख्खी आत्या. समुद्रापलीकडच्या बेटांवरून आलेल्या आमच्या तोंगन घरात आत्या म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. भाऊ कितीही मोठा झाला, पाद्री झाला, पुढारी झाला, तरी बहिणीपुढे तो खालचाच. त्याची मुलं तर त्याहून खाली. आत्याने घरात येऊन भिंतीवरची चटई काढून नेली तरी हसून बांधून द्यायची. आत्याने मागितलं तर द्यायचं, आणि तिच्याकडे आपण होऊन काही मागायचं नाही. सिडनीच्या या पश्चिम भागात येऊन आम्हाला चाळीस वर्षं झाली. मुलं टॅक्सच्या गोष्टी बोलायला लागली, पण हे सुटलं नाही.

अलिसीने उठून लोसेला जवळ घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"जा, माझ्या भावाची सेवा कर," ती म्हणाली. "पैशांचं माझ्यावर सोड."

"हो आत्या," लोसे म्हणाली आणि तिने खरंच सोडलं.

पैसे थोडेथोडके नव्हते. शेवटच्या पंधरवड्याचा पगार, वर्षानुवर्षं न घेतलेली रजा, आणि दहा वर्षांवर नोकरी झाली की मिळते ती दीर्घ सेवेची रजा. सगळं मिळून सत्तावीस हजार डॉलरच्या घरात जात होतं. लोसेने त्या पैशांचं काय करायचं हे केव्हाच ठरवून टाकलं होतं. ती आणि सेमिसी तिसऱ्या मजल्यावर राहत होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. म्हातारा दवाखान्यातून घरी आला तो खुर्चीसकट लोसेच्या चार चुलतभावांच्या खांद्यावर, आणि वर आल्यावर म्हणाला, "आता खाली जाईन तो चर्चलाच." पण चार भाऊ दर रविवारी कुठून आणायचे? ते रात्रपाळी करतात, त्यांच्या कमरा आधीच गेलेल्या. दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर रिकामं होतं. दाराला उतार होता, खुर्ची थेट आत जात होती. चार आठवड्यांचं भाडं अनामत, वर दोन आठवड्यांचं आगाऊ, आणि पहिलं वर्ष भाड्यातला फरक भरायला हाताशी रक्कम. एजंट मुलगी भली होती. ती म्हणाली, "थोडं थांबते, पण फार नाही थांबता येणार."

एप्रिलचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. खात्यात काही आलं नाही.

प्रेमिला नावाची फिजीची बाई लोसेबरोबर बारा वर्षं चादरी घड्या करत होती. तिनेही मार्चमध्येच नोकरी सोडून इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम धरलं होतं. एका संध्याकाळी ती वर आली, धापा टाकतच.

"तुझ्या बापाला भेटायचं म्हणजे आधी माझाच पाय कापायची पाळी," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "पैसे आले का?"

"येतील."

"येतील म्हणजे? सात दिवसांत यायला पाहिजेत. आपल्या कामाच्या नियमात लिहिलंय, नोकरी संपली की सात दिवसांत पगार आणि रजेचे पैसे. आणि ती लांब रजा तर लगेचच द्यायची असते. मला आठव्या दिवशी आले नाहीत, तर मी काय केलं माहितेय?"

"भांडलीस."

"भांडते कशाला? सरकारच्या कामगार कचेरीच्या साइटवर पत्राचा नमुना असतो. त्यात माझं नाव घातलं, किती येणं आहे ते लिहिलं, आणि अमुक तारखेपर्यंत न दिल्यास तक्रार करीन, असं लिहून तुझ्या आत्याला पाठवलं. पुढच्या मंगळवारी पैसे खात्यात." प्रेमिलाने चहाचा घोट घेतला. "वर निरोप आला, प्रेमिला, तू असं लिहायला नको होतंस. म्हटलं, बाई, तू असं रखडवून ठेवायला नको होतंस."

लोसे हसली. "मलाही लिहून देशील?"

"आत्ता देते. फोन आण."

आतल्या खोलीतून म्हाताऱ्याची हाक आली. त्याला कान पहिल्यापासून तिखट. लोसे आत गेली तर तो उशीला टेकून ताठ बसला होता.

"ती बाई कुणाला पत्र लिहितेय?"

"बाबा, माझे कामाचे पैसे—"

"माझ्या बहिणीला? तुझ्या आत्याला पत्र? तारीख घालून?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तो रागावला की असाच बोलायचा. "मला पाय नाही म्हणून तोंडही नाही असं समजतेस? मी या जगात आलो तो तिच्या खालचा म्हणून आलो. तिला पैशासाठी धमकी गेली आणि ती माझ्या घरातून गेली, हे उद्या चर्चमध्ये कळलं तर मी कुठल्या तोंडाने खाली जाऊ?"

"पण त्या पैशांनीच तर तुम्हाला खाली न्यायचंय."

"मग नको नेऊ."

लोसे बाहेर आली आणि प्रेमिलाला म्हणाली, "राहू दे." प्रेमिला बाहेर जाताना फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही लोक फार सभ्य आहात, लोसे. सभ्य माणसाचे पैसे कुणीही शेवटीच देतं." मला विचाराल तर त्या घरात त्या दिवशी एवढं एकच शहाणपणाचं वाक्य बोललं गेलं, आणि तेही बाहेरच्या बाईकडून.

जूनमध्ये अलिसी स्वतः आली. तीन मजले चढून, सत्तरी ओलांडलेली जाडजूड बाई, प्रत्येक मजल्यावर थांबत. लोसेला अर्धा तास आधी फोन आला होता. तेवढ्यात तिने टारोच्या, म्हणजे अळूच्या, पानांत डब्यातलं बीफ आणि नारळाचं दूध घालून त्याच्या पुड्या ओव्हनमध्ये ठेवल्या, कलिंगडाचं सरबत केलं, नवी चटई अंथरली. सेमिसी अंगावर चादर गळ्यापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून पडला. भाऊ आणि बहीण मोठे झाले की आमच्यात एका खोलीत मोकळेपणाने बसत नाहीत. अलिसी दारातच बसली आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता प्रार्थना म्हटली.

जेवताना अलिसी म्हणाली, "या वर्षी हॉटेलवाले भाव पाडतात. त्यांनी दुसरी लाँड्री बघितलीय म्हणे. मशीनचे हप्ते, गॅस, काय काय सांगू."

लोसेच्या तोंडात शब्द आला होता. आत्या, माझं तेवढं बघा ना. इतकंच तर म्हणायचं होतं. आतून म्हातारा खाकरला. लोसेने वाडगा उचलून आत्याच्या ताटात आणखी एक पुडी वाढली.

"तू बारीक झालीस," अलिसी म्हणाली.

"नाही आत्या, अशीच आहे मी."

आणि अलिसी गेली. जाताना तिने चटईचं कौतुक केलं, म्हणून लोसेने ती गुंडाळून तिच्या गाडीत टाकली. त्याच आठवड्यात तळमजल्याचं घर एका नर्सला गेलं. एजंट मुलीने फोन करून माफी मागितली, जी खरं तर दुसऱ्या कुणीतरी मागायला हवी होती.

लोसेने मग वृद्धाश्रमात रात्रीचं अर्धवेळ काम धरलं. सेमिसीला झोप लागली की ती जायची आणि त्याला जाग यायच्या आत परत यायची. म्हाताऱ्याला कळत नव्हतं असं नाही. तो झोपेचं सोंग चांगलं करायचा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लाँड्रीच्या दाराला कुलूप लागलं. आतल्या बायका सकाळी पाळीवर आल्या तर टाय लावलेला एक माणूस दारात उभा होता. कंपनी बुडाली, आता सगळा कारभार माझ्या हातात, असं त्याने शांतपणे सांगितलं आणि प्रत्येकीला एक कागद दिला. त्याला लिक्विडेटर म्हणतात. लोसेला हे संध्याकाळी चर्चच्या बायकांकडून कळलं. तिने दुसऱ्या दिवशी त्याच्या कचेरीत फोन करून आपलं नाव आणि येणं लिहून घ्यायला सांगितलं. तिकडच्या मुलाने समजावलं की कंपनीकडे काही उरलं तर बाकीच्या साध्या घेणेकऱ्यांच्या आधी कामगारांचं देणं चुकवतात. पण मशीनं भाड्याची होती, गाड्या बँकेच्या होत्या, आणि हॉटेलवाल्यांनी शेवटची बिलं थकवली होती. उरेल असं वाटत नाही, तो म्हणाला. त्याने मग दुसरं दार दाखवलं. मालक बुडाला तर कामगाराचे पगार आणि रजांचे पैसे सरकार भरतं, अशी एक योजना आहे. अर्ज वर्षाच्या आत करायचा.

लोसेने अर्ज भरला. त्यात एक प्रश्न होता, तुम्ही कंपनीच्या संचालकाचे नातेवाईक आहात का. तिने खरं तेच लिहायचं ठरवलं आणि फोन करून विचारलं.

"कोण लागतात तुमच्या?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"आत्या."

"नवरा, बायको, आईबाप, मुलं, भाऊबहीण हेच चालत नाहीत. आत्या असेल तर हरकत नाही. कायद्याच्या हिशेबात आत्या नात्यात येत नाही."

लोसे फोन ठेवून खूप वेळ हसली. सात महिने जिच्यासाठी ती तोंड शिवून बसली होती, ती आत्या कायद्याला कुणी वाटतच नव्हती. त्या दिवशी तिने बापाला टारो जास्त वाढला, कारण आता पैसे येणार होते. लाँड्रीतल्या बाकीच्या बायकांना ते नाताळानंतर मिळालेही, नोकरी गेल्याची भरपाईसुद्धा.

लोसेचं पत्र फेब्रुवारीत आलं, आणि त्यात नकार होता. नोकरी कंपनी बुडाल्यामुळे सुटली असेल, किंवा लिक्विडेटर नेमण्याआधीच्या सहा महिन्यांत सुटली असेल, तरच ही योजना लागू होते. लोसेने मार्चअखेर राजीनामा दिला होता आणि लिक्विडेटर आला ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सहा महिने ओलांडून थोडेच दिवस. पुनर्विचार मागण्याची सोय होती, पण तारखा खोट्या ठरवण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हाताऱ्याला तिने पत्र वाचून दाखवलं. थोड्या वेळाने त्याने पाणी मागितलं आणि ते न पिताच ठेवून दिलं.

प्रेमिला तिला हाताला धरून मोफत सल्ला देणाऱ्या वकिलांच्या कचेरीत घेऊन गेली. तिथली ब्रिजेट नावाची वकीलबाई तरुण होती, पण ऐकून घेणारी. तिने सगळे कागद वाचले आणि चष्मा काढला.

"एप्रिलमध्ये आल्या असतात तर," ती म्हणाली आणि तिथेच थांबली. लोसेने तिला पुढे बोलायचा आग्रह केला. "एप्रिलमध्ये आपण पत्र पाठवलं असतं. नाही ऐकलं तर कामगार कचेरीत तक्रार. ते आधी दोन्हीकडच्यांना बोलावून समेट घडवायला बघतात, नाही जमलं तर मालकाला लेखी नोटीस देतात. तेही नाही तर छोट्या दाव्यांचं कोर्ट, तिथे वकीलही लागत नाही. तेव्हा कंपनी जिवंत होती. आता कंपनीवर दावा लावता येत नाही."

"मग काहीच नाही?"

"एक आहे." ब्रिजेटने एक कागद पुढे सरकवला. "पैसे द्यायला हवेत हे माहीत असून कंपनी चालवणाऱ्या माणसाने ते दिले नाहीत, असं दाखवता आलं तर त्या माणसावर स्वतःवर दावा लावता येतो. निदान पगाराचा आणि वार्षिक रजेचा. सहा वर्षांची मुदत आहे. अलिसी यांच्यावर."

"माझ्या आत्यावर."

"हो."

"कोर्टात."

"हो. त्यांचं घरही गहाण आहे असं दिसतंय, म्हणजे हातात किती पडेल ते मी सांगू शकत नाही. पण दार उघडं आहे."

प्रेमिलाने पेन उघडून लोसेच्या हातात दिलं. लोसेने कागद वाचला. इंग्रजी तिला चांगलं येत होतं. वर तिचं नाव आणि खाली विरुद्ध बाजूला आत्याचं. तिने पेनचं टोपण लावलं.

"बाबा आहेत तोवर नाही," ती म्हणाली.

"आणि नंतर?" प्रेमिलाने चिडून विचारलं.

लोसेने पेन तिला परत दिलं. 'नंतर' हा शब्द तिने मनातही उच्चारला नव्हता, कारण त्याचा अर्थ तिला कळत होता.

मेच्या मध्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा, सेमिसी झोपेतच गेला. मेलेल्या माणसाला उतरवायला चुलतभाऊ लगेच जमले. तिन्ही मजले, वळणावळणाला शवपेटी उभी करून. लोसे मागून येत होती. चौदा महिन्यांनी तिचा बाप खाली आला होता आणि रविवार नव्हता.

चर्चच्या हॉलमध्ये चटयांच्या थप्पीवर पेटी ठेवली. बापाच्या उशाशी अलिसी बसली, काळ्या कपड्यांत, कारण भावाच्या मयतीत तो मान बहिणीचा. येईल तो तिच्यापुढे चटया, झाडाच्या सालीचं कापड आणि पाकिटं ठेवत होता. मेलेल्याची मुलं तिथे सर्वांत खालची. लोसेच्या कमरेला दुखवट्यात गुंडाळायची, गुडघ्यापर्यंत लोंबणारी फाटकी चटई होती, आणि ती हॉलच्या मागे मांस आणि रताळी शिजवणाऱ्या मोठ्या पातेल्यांपाशी राबत होती. तिची पाळी आली तेव्हा तीही पाकीट घेऊन पुढे गेली. त्यात दोन हजार डॉलर होते. ते तिने चढ्या व्याजाच्या दुकानातून उचलले होते, कारण एकुलत्या एका मुलीचं पाकीट पातळ असणं म्हणजे बापाचं नाक कापणं. अलिसीने ते घेतलं आणि त्याच हाताने चर्चच्या दानपेटीपाशी बसलेल्या माणसाकडे सरकवलं. उशाशी बसलेल्या बाईने काही स्वतःकडे ठेवलेलं बरं दिसत नाही. हॉलभर कौतुकाची कुजबुज झाली. मी तिथेच होतो, आणि मला ते पाकीट परत हिसकावून घ्यावंसं वाटलं. अर्थात मी हललो नाही. तिथे कुणीच हलत नाही.

पुरल्यानंतर मुलांचे केस कापतात, आणि ते आत्याच कापते. लोसे तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. पन्नाशीच्या बाईची जाड, करडी वेणी. अलिसीने ती डाव्या हातात धरली. आजूबाजूला बायका भजन म्हणत होत्या, त्या आवाजात ती हळूच बोलली.

"त्या वकीलबाईंकडे गेली होतीस ना."

"हो आत्या."

"माझ्यावर दावा लावणार?"

लोसेने कमरेची चटई गुडघ्यांवर ओढून घेतली.

"गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बँकेत पैसे होते," अलिसी म्हणाली. तिने दुसऱ्या हाताने कात्री उचलली. "त्या फिजीवालीचं पत्र आलं, तिला दिले. ड्रायव्हर ओरडत आला, त्याला दिले. तुझे बाजूला काढून ठेवले होते. जूनमध्ये मी वर आले ते तेवढ्यासाठीच. म्हटलं, मागेल तर तिथेच चेक लिहिते. पर्समध्ये चेकबुक होतं. तू काहीच बोलली नाहीस, वर चटई बांधून दिलीस. मला वाटलं, माझ्या भावाच्या घरी अडचण नाही. मग मी ते गॅसच्या बिलात घातले."

"आत्याकडे मागतात का?" लोसेने विचारलं.

"नाही मागत," अलिसी म्हणाली. "आणि न मागता द्यायचं असतं, हे मला कळायला हवं होतं. पण तुझ्या बापाने कधी शब्दाने कळवलं नाही. तो बोलला असता तर मी खाली उतरायच्या आत दिले असते."

लोसेला आतल्या खोलीतलं ते खाकरणं आठवलं. दारात बसलेल्या बहिणीला तेही ऐकू गेलं असणार, आणि तिने त्याचा काय अर्थ लावला असेल हे आता विचारण्यात अर्थ नव्हता. तिघंही त्या दिवशी एकमेकांचा मान राखत बसले होते, आणि म्हातारा त्या मानापायी वरच राहिला. तिला रडू आलं, आणि बाकीच्यांना ते बापासाठी आहे असं वाटलं, जे खोटंही नव्हतं.

"मान खाली कर," अलिसी म्हणाली.

लोसेने मान खाली केली.